फोटो रंगीत, कॅप्शन कोरं?

रंग खेळून झालेत. कानात गुलाल आहे, केसांचा झाडू झालाय आणि ग्रुपवर एकशे चाळीस फोटो येऊन पडलेत. त्यातला एक तुम्ही निवडलाय. सगळ्यांचे चेहरे माखलेले, पांढरा कुर्ता आता कुठल्याच एका रंगाचा राहिलेला नाही, आणि सगळे खदाखदा हसतायत. भारी फोटो आहे. आता खाली काय लिहायचं?

इथे भल्याभल्यांचा अंगठा थांबतो. दहा मिनिटं विचार करून शेवटी पडतं काय, तर ‘हॅपी होळी’, पुढे चार रंगीत बदाम आणि एक फिल्मी गाण्याची ओळ. तेवढ्या वेळात तीच ओळ तुमच्या वर्गातल्या सात जणांनी टाकलेली असते. फोटो तुमचा, कॅप्शन मात्र सगळ्या गावाचं.

रंगाच्या फोटोला कॅप्शन सुचणं तसं अवघडच असतं, आणि त्याला कारण आहे. एरवीच्या फोटोत चेहरा बोलतो, कपडे बोलतात, जागा बोलते. इथे रंगाने हे सगळं एकसारखं करून टाकलेलं असतं. माखलेले चार चेहरे नागपुरातले असोत की पनवेलचे, लांबून सारखेच दिसतात. म्हणजे हा फोटो तुमचाच आहे, हे सांगायचं काम त्या एका ओळीवर येऊन पडतं.

आधी दिवस बघा

सुरुवात अगदी साध्या गोष्टीने करू. फोटो कुठल्या दिवसाचा आहे? फाल्गुन पौर्णिमेला होळी पेटते. दुसऱ्या दिवशी धुळवड, म्हणजे धूलिवंदन. आणि पौर्णिमेनंतरच्या पंचमीला रंगपंचमी. आपल्याकडे रंग खेळायचा जुना दिवस हा पंचमीचा. धुळवड नावाप्रमाणे धुळीची, राखेची, चिखलाची. पण सुट्टी धुळवडीला असते, त्यामुळे मुंबई-पुण्यात बरेच जण त्याच दिवशी रंग खेळून मोकळे होतात. नाशिकमध्ये मात्र अजूनही रंगपंचमीचाच थाट. कोकणात तर हा सगळा शिमगा, आणि तो एका दिवसात आटपत नाही.

त्यामुळे धुळवडीच्या फोटोखाली ‘रंगपंचमीच्या शुभेच्छा’ लिहिलंत, तर पहिली कमेंट आत्याची येणार: ‘अरे, पंचमीला अजून चार दिवस आहेत.’ आणि मग सगळी चर्चा पंचांगावर. तुमच्याकडे या दिवसाला जे म्हणतात तेच लिहा. ‘आमची धुळवड’ किंवा ‘शिमगो’ एवढ्या एका शब्दाने फोटोला गाव मिळतं. ‘होली है’ लिहिलंत की तो हिंदी सिनेमातला होतो.

दिसतंय ते पुन्हा सांगू नका

वर्तमानपत्रात फोटोखालच्या मजकुराला ‘फोटोओळ’ म्हणतात. कोण, कुठे, कधी, काय करताना, हे तिने सांगायचं असतं. म्हणून दरवर्षी रंगांची उधळण करणारी ‘तरुणाई’ पेपरात हमखास भेटते. त्या ओळीचं काम वेगळं आहे, कारण वाचणारा त्या माणसांना ओळखत नाही. तुमचा फोटो बघणारे तुम्हाला ओळखतात. त्यांना ‘रंगात न्हाऊन निघालो’ हे सांगायची गरज नाही. डोळ्यांना दिसतंय की!

तसंच विशेषणांचं. ‘बिनधास्त’, ‘बेभान’, ‘फुल्ल टू धमाल’. मजा आली हे चेहऱ्यांवर दिसत असताना खाली पुन्हा ‘मजा आली’ लिहिलं की मजा कमी होते. विनोद सांगून झाल्यावर ‘हा विनोद होता’ असं सांगण्यासारखं आहे ते. आणि दुसऱ्या टोकाला असतात तत्त्वज्ञानी कॅप्शनवाले. आयुष्याचे रंग, नात्यांचे रंग, मनाचा कॅनव्हास वगैरे. फोटोत तुमच्या डोक्यावर कुणीतरी बादली उपडी करतंय आणि खाली आयुष्याचा अर्थ! दोघांचं जमत नाही.

एक सोपी परीक्षा आहे. तुमचं कॅप्शन मनातल्या मनात उचला आणि मित्राच्या कॉलेजच्या फोटोखाली ठेवा. तिथेही चपखल बसलं, तर ते तुमचं नाही. गाण्याची ओळ या परीक्षेत दरवेळी नापास होते, कारण ती सगळ्यांच्याच फोटोला बसते. म्हणून तर ती इतकी वापरली जाते.

चौकटीच्या बाहेर बघा

मग लिहायचं काय? फोटोत नसलेली एक खरी गोष्ट. एकच. फोटो हा सेकंदाच्या छोट्याशा तुकड्याचा असतो. त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं, कडेला कोण उभं होतं, कोण काय ओरडलं, पाणी किती गार होतं, हे त्यात येत नाही. कॅप्शनची जागा तिथे आहे.

नाशिकची रहाड घ्या. जुन्या नाशकातल्या चौकांत पेशवेकाळापासूनचे हौद आहेत. रंगपंचमीला ते उघडतात, त्यात रंगाचं पाणी तयार होतं आणि लोक वरून आत उडी मारतात. त्या उडीला ‘धप्पा’ म्हणतात. वर्षभर हीच रहाड बुजवलेली असते आणि तिच्यावरून रहदारी चालू असते. आता रंगाच्या पाण्यातून डोकं वर काढलेल्या मुलाचा फोटो आहे असं समजा. ‘रंगात चिंब’ हे फोटोत दिसतंच आहे. पण खाली लिहिलं, ‘इथूनच रोज स्कूटर नेतो. आज स्वतः पडलो’, तर? फोटोत रस्ता दिसत नाही, स्कूटर दिसत नाही. तरी दोन्ही डोळ्यांसमोर येतात आणि हसूही येतं. नाशिकबाहेरचा बघणारा तर विचारणारच, ‘म्हणजे? ही जागा रस्त्याखाली आहे?’ कॅप्शनने आपलं काम केलं.

‘नंतर’ तर रंगाच्या फोटोला जणू फुकटच मिळतं. चेहरा पहिल्या अंघोळीत बऱ्यापैकी निघतो. पण नखांच्या कडा, कानामागची जागा आणि केसांचा भांग यांतला रंग आठवडाभर मुक्कामाला असतो. हळदीचा पिवळा असेल तर आणखी गंमत. हळदीला साबणासारखं अल्कधर्मी काही लागलं की ती लालसर होते. म्हणजे पिवळा धुवायला जावं आणि बाथरूममध्ये लाल होऊन उभं राहावं. ‘पिवळा होता. साबण लावला, लाल झाला. आता साबणाला घाबरतोय.’ हे कॅप्शन ज्याच्या बाबतीत घडलं त्यालाच सुचेल. ते गुगल करून सापडणार नाही, हीच त्याची किंमत.

क्रियापद नीट निवडा

मराठीत रंगासाठी किती क्रियापदं आहेत बघा. गुलाल उधळतात. टिळा लावतात. पिचकारी मारतात. फुगा फेकतात. बादली ओततात. रंग फासतात, चोपडतात. आणि ज्याच्यावर हे सगळं होतं, तो माखतो, भिजतो, बरबटतो. प्रत्येक शब्दात कोण कोणाशी कसं वागलं, हे आपोआप येतं. ‘आजीने रंग लावला’ म्हटलं की दोन बोटं आणि गाल दिसतो. ‘दादाने रंग फासला’ म्हटलं की आधी पळापळ झाली असणार, हे कळतं. ‘चोपडला’ म्हटलं की हातात भरपूर माल होता आणि मागे भिंत होती.

म्हणून फोटो झूम करून बघा आणि मग शब्द निवडा. कोरडा गुलाल भुवयांवर, पापण्यांवर, मिशीवर बसतो आणि त्याच्या कडा मऊ दिसतात. तो उधळलेला असतो. ओल्या रंगाचे ओघळ मानेवरून कॉलरमध्ये गेलेले दिसतात. तो ओतलेला असतो. आणि चेहरा भांड्यासारखा चमकत असेल, तर तो तेलात कालवलेला चंदेरी. तो चोपडलेलाच असतो, आपण होऊन कोणी लावून घेत नाही. ‘आम्ही रंग खेळलो’ यात काहीच दिसत नाही. ‘गुलाल म्हणून बोलावलं, चंदेरी चोपडला’ यात अख्खी फसवणूक दिसते. विशेषण एकही नाही, तरी खोडकरपणा पुरेपूर.

आणि बोलता तसंच लिहा. ‘आम्हांस रंगविण्यात आले’ हे कॅप्शन फक्त मुद्दाम सरकारी थाटात विनोद करायचा असेल तरच. एरवी ‘झालं’, ‘केलं’, ‘पळाला’, ‘सापडली’ हेच बरं. चिंब भिजलेला माणूस लांब वाक्यं बोलत नाही.

एक फोटो, पाच कॅप्शन

आता एक फोटो घेऊन बघू. समजा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार जण उभे आहेत. एकाचा चेहरा पूर्ण चंदेरी, फक्त दात पांढरे. दुसरीचे केस हिरवे. तिसऱ्याच्या पांढऱ्या कुर्त्यावर गुलाबी हाताचा ठसा. चौथीने हसत की काय, हात तोंडासमोर धरलाय. मागे उपडी बादली. आणि अगदी उजव्या कोपऱ्यात, खुर्चीवर बसलेले वॉचमन काका. इस्त्रीचा गणवेश, डाग नाही, कपाळावर फक्त गुलालाचा छोटा टिळा.

पहिला प्रयत्न: ‘रंगात रंगलो आम्ही.’ मित्राच्या कॉलेजची परीक्षा लावा. नापास.

दुसरा: ‘रंग उतरतील, मैत्री नाही.’ वाईट नाही, पण हे भेटकार्डावरचं वाक्य आहे. त्यात पार्किंग नाही, बादली नाही, चंदेरी चेहऱ्याचा तो येडा नाही.

तिसरा: ‘डावीकडून दुसरी मी. बहुतेक.’ आता काहीतरी झालं. फोटोओळीची शिस्तीतली पद्धत घेतली आणि ‘बहुतेक’ म्हणून तिचीच टोपी उडवली. चेहरे ओळखू येत नाहीत, ही फोटोची खरी गंमत यात पकडली आहे. अडचण एवढीच की ही युक्ती आता बऱ्याच जणांना माहीत झाली आहे.

चौथा: ‘चंदेरीमध्ये कोण आहे ते दातांवरून ओळखा.’ हे आणखी बरं, कारण बघणाऱ्याला काम मिळालं. कमेंटमध्ये नावं पडायला लागतील, आणि ज्याचे दात ओळखले जातील, त्याची वर्षभराची सोय झाली.

पाचवा कोपऱ्यातून येतो: ‘वॉचमन काकांनी फक्त टिळा लावून घेतला. आम्हाला कुणी विचारलंच नाही.’ बघणाऱ्याची नजर आधी चार माखलेल्या चेहऱ्यांवर गेलेली असते. ओळ वाचून ती कोपऱ्यात जाते, काका सापडतात, त्यांची इस्त्री दिसते आणि नजर पुन्हा चौघांवर येते. फोटो दुसऱ्यांदा बघितला जातो. आपण किती माखलोय हे न सांगता, एका न माखलेल्या माणसाकडे बोट दाखवून ते सांगितलं. कॅप्शन सुचत नसेल तर फोटोच्या मध्यावरून नजर काढा आणि कडा बघा. माल बहुतेक वेळा तिथेच असतो. मात्र काकांनाही एकदा दाखवा. ते फोटोत आहेत हे त्यांना कदाचित माहीतही नसेल.

लांबी किती? इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत जातं, पण फीडमध्ये सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो. बाकी ‘more’च्या मागे लपतं. शिवाय देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. ‘होळी’ आपल्याला दोन अक्षरांचं दिसतं, मोजणारं यंत्र चार धरतं. म्हणून गंमत तिसऱ्या ओळीत ठेवू नका. आभार, टॅग, हॅशटॅग सगळं नंतर. पाचव्या कॅप्शनची दोन वाक्यं पटकन वाचून होतात, आणि हसायची जागा शेवटच्या शब्दांत आहे. उलटं करून बघा: ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही, पण वॉचमन काकांनी फक्त टिळा लावून घेतला.’ शब्द जवळपास तेच, पण फुगा फुटण्याआधीच हवा गेली.

आता चौथीला विचारा

पोस्ट करायच्या आधी एक काम राहिलं. ती चौथी, जिने हात तोंडासमोर धरलाय, ती हसतेय की ‘पुरे’ म्हणतेय?

फोटोवरून हे कळत नाही. खरंच कळत नाही. हसू आवरताना हात जसा वर जातो, तसाच रंग अडवतानाही जातो. डोळे मिटलेले असतात, कारण डोळ्यांत रंग जाऊ नये म्हणून सगळेच मिटतात. कॅमेऱ्याने तो क्षण थांबवला, पण त्याच्या आधीचं ‘नको’ किंवा नंतरची टाळी त्यात आली नाही. ती होती तिथे, तिलाच माहीत.

आणि आता पाचवं कॅप्शन पुन्हा वाचा. ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही.’ चौघेही खेळात असतील तर ही लाडिक तक्रार आहे. तिला खरोखर कुणी विचारलं नसेल, तर हीच ओळ तिच्याबद्दलचं खरं वाक्य होते. वर तुम्ही त्यावर हसायला सगळ्यांना बोलावताय. शब्द एकही बदलला नाही, अर्थ पूर्ण पालटला. ‘बुरा न मानो’ हे म्हणणं म्हणूनच जरा तपासून बघण्यासारखं आहे. ते नेहमी रंग टाकणारा म्हणतो. ज्याच्यावर पडला, तो कधी म्हणत नाही.

म्हणून फोटो आधी तिला पाठवा. ‘टाकू का?’ एवढंच विचारा, आणि उत्तराची वाट बघा. तिने ‘टाक ना, पण माझे डोळे बघ कसे आलेत’ असं म्हटलं, तर कदाचित तुम्हाला सहावं आणि सगळ्यात चांगलं कॅप्शन तिच्याकडूनच मिळेल. ती ‘नको’ म्हणाली किंवा नुसतीच गप्प राहिली, तर दुसरा फोटो निवडा. एकशे चाळीस आहेत. कॅप्शन कितीही खेळकर लिहिलं, तरी तिला तो क्षण मजेचा वाटला नसेल तर ते त्याला मजेचा करू शकत नाही.

विचारताना दोन गोष्टी स्वतःही बघून घ्या. एक, भिजलेले कपडे. पांढरा कपडा ओला झाला की अंगाला चिकटतो आणि आरपार दिसतो. खेळताना कुणाचं लक्ष नसतं, पण स्क्रीनवर झूम करणाऱ्याचं असतं. दुसरी, टॅग. रंगाने चेहरा झाकला होता, कोण कोण आहे ते कळत नव्हतं. तुम्ही टॅग केलंत की नाव उघडं. एखादीने घरी ‘लायब्ररीत आहे’ असं सांगितलेलं असू शकतं. ‘दातांवरून ओळखा’ची गंमतही ज्याचे दात आहेत त्याला चालणार असेल तरच.

एवढं झालं की मग बिनघोर पोस्ट करा. आणि कमेंटमध्ये कुणी विचारलं की ‘चंदेरी कोण?’, तर लगेच सांगू नका. संध्याकाळपर्यंत तो अंघोळ करून येईल, अर्धा निघालेला, अर्धा तसाच. त्याचा फोटो काढा. त्याला विचारून.